लॉगरहेड कासवाची सात अवस्थांची मॅट्रिक्स : लवचिकतेचा अर्थ आणि तिच्या मर्यादा

डेबोरा क्राउझ, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅस्वेल या तिघांनी १९८७ साली ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष सुटसुटीत असल्यामुळे तो लवकरच सर्वतोमुखी झाला. समुद्रकिनाऱ्यावरील अंडी राखण्यात जे श्रम खर्च होतात, ते कासवाच्या आयुष्यातील सर्वांत कमी परिणामकारक टप्प्यावर खर्च होतात. खरे संरक्षण हवे ते समुद्रात वाढणाऱ्या तरुण कासवांना, असा तो निष्कर्ष होय. निबंधाचे पुढे जे वाचन झाले त्यात हा निष्कर्ष तेवढा उरला, आणि तो ज्या गणितातून निघाला त्या गणिताची वाक्यरचना मात्र मागे पडली. ती पुन्हा एकवार तपासून पाहण्यासारखी आहे. कारण निष्कर्ष बरोबर असूनही त्याचे जे कारण सामान्यतः सांगितले जाते ते बरोबर नाही, असे आकडेच दाखवितात.

प्रथम मॅट्रिक्सचे स्वरूप पाहू. पी. एच. लेस्ली याने १९४५ साली वयाच्या एकेका वर्षाप्रमाणे प्राणिसंख्येची विभागणी करून तिचे भवितव्य मॅट्रिक्सच्या साहाय्याने काढण्याची रीत मांडली. ज्या प्राण्यांचे वय सांगता येत नाही, केवळ आकार किंवा अवस्था सांगता येते, त्यांच्यासाठी एल. पी. लेफकोविच याने १९६५ साली वर्षांच्या जागी अवस्था घातल्या. कासवाचे वय त्याच्या पाठीवरून वाचता येत नाही, म्हणून ही दुसरी रीत येथे सोयीची. जॉर्जिया राज्यातील लिटल कंबरलंड बेटावर अंडी घालण्यास येणाऱ्या कासवांच्या नोंदींवरून नॅट फ्रेझर याने जी जीवनसारणी तयार केली होती, तिच्या आधारे लेखकत्रयाने सात अवस्था ठरविल्या. पहिली अंडी व पिल्ले, एका वर्षाची. दुसरी लहान किशोर, वय १ ते ७. तिसरी मोठे किशोर, वय ८ ते १५. चौथी उपप्रौढ, वय १६ ते २१. आणि त्यानंतर प्रजनन करणाऱ्या माद्यांच्या तीन, म्हणजे बावीसाव्या वर्षी प्रथम अंडी घालणारी, तेविसाव्या वर्षीची, आणि पुढची सर्व पक्व मादी. वार्षिक जीवितप्रमाण अनुक्रमे ०.६७४७, ०.७८५७, ०.६७५८, ०.७४२५ आणि प्रौढ माद्यांसाठी ०.८०९१ असे धरले आहे. अंड्यांची वार्षिक सरासरी पहिल्या विणीच्या मादीस १२७, दुसऱ्या वर्षी ४ व पुढे ८०. दुसऱ्या वर्षीचा आकडा इतका लहान असण्याचे कारण उघड आहे : एकदा किनाऱ्यावर येऊन गेलेली मादी बहुधा लगेच पुढच्या वर्षी परत येत नाही.

एका अवस्थेत अनेक वर्षे कोंबली की एक अडचण उभी राहते. वर्षाअखेर जगलेल्या मोठ्या किशोरांपैकी काही त्याच अवस्थेत राहतात आणि काही पुढच्या अवस्थेत जातात. किती राहतात व किती जातात हे जीवितप्रमाण आणि अवस्थेचा कालावधी यांवरून काढावे लागते. मोठ्या किशोरांच्या बाबतीत शंभरांपैकी सुमारे ६६ तेथेच राहतात, दीड कासव उपप्रौढ होते, आणि उरलेली ३२ मरतात. हा दीडाचा आकडा, म्हणजे मॅट्रिक्समधील ०.०१४७, पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. अशा रीतीने सर्व घरे भरली म्हणजे त्या मॅट्रिक्समधून एकच वृद्धिगुणक निघतो : ०.९४५. प्रत्येक वर्षी संख्या साडेपाच टक्क्यांनी घटते, आणि सव्वाबारा वर्षांत ती निम्मी होते. याच मॅट्रिक्समधून आणखी दोन गोष्टी मिळतात. एक, स्थिर अवस्था-वितरण : शंभर कासवांत सुमारे ६७ लहान किशोर, २१ अंडी व पिल्ले, साडेअकरा मोठे किशोर, आणि सर्व प्रौढ माद्या मिळून केवळ पाव. दुसरी, प्रजननमूल्य : एका अंड्याचे मूल्य १ मानले, तर मोठ्या किशोराचे ६, उपप्रौढाचे ११६, आणि पक्व मादीचे ५८८. एका पक्व मादीचा मृत्यू भावी संख्येच्या दृष्टीने ५८८ अंड्यांच्या नाशाबरोबरीचा आहे, असा याचा अर्थ.

आता मूळ प्रश्न. या घरांपैकी कोणते घर थोडेसे बदलले असता वृद्धिगुणक सर्वांत अधिक हलेल? कॅस्वेल याने १९७८ साली याचे सर्वसाधारण सूत्र दिले. ज्या अवस्थेतून कासव निघते तिचा स्थिर वितरणातील वाटा, आणि ज्या अवस्थेत ते पोचते तिचे प्रजननमूल्य, या दोहोंचा गुणाकार करावयाचा व त्यास दोन्ही मालिकांच्या एकत्रित गुणाकारांच्या बेरजेने भागावयाचे. येणारी संख्या म्हणजे त्या घराची संवेदनशीलता. सूत्र देखणे आहे आणि त्यात काही अनुमानही नाही. तथापि ते कासवांच्या मॅट्रिक्सला लावले असता जो परिणाम दिसतो तो विचारात पाडणारा आहे. सर्वांत मोठी संवेदनशीलता, जवळजवळ ९७, अशा घराची येते की ज्यात मुळात शून्य आहे : लहान किशोराचे एका वर्षात पक्व मादीत रूपांतर. लहान किशोर संख्येने सर्वांत अधिक, पक्व मादीचे मूल्य सर्वांत अधिक. तेव्हा हे घडले असते तर वृद्धीवर परिणाम प्रचंड झाला असता यात शंका नाही. पण ते घडत नाही. प्रत्यक्षात असलेल्या घरांत पहिला क्रमांक लागतो मोठ्या किशोराच्या उपप्रौढ होण्याचा, ३.२८, तर पक्व मादीच्या अंड्यांच्या संख्येची संवेदनशीलता केवळ ०.०००४६.

या दोन आकड्यांची तुलना करणे म्हणजे कोसांची व घटकांची तुलना करणे होय. एक संख्या शून्य व एक यांच्यामध्ये बंदिस्त असलेली संभाव्यता आहे. दुसरी अंड्यांची मोजणी आहे. ०.०१४७ मध्ये ०.०१ मिळविणे म्हणजे ते प्रमाण दोन-तृतीयांशांहून अधिक वाढविणे. ८० अंड्यांत ०.०१ मिळविणे म्हणजे काहीच न करणे. म्हणूनच डी क्रून व त्याच्या सहकाऱ्यांनी (कॅस्वेल हाही त्यांत होता) १९८६ साली लवचिकता हे माप पुढे केले. घराचे मूल्य एक टक्का वाढले तर वृद्धिगुणक किती टक्के वाढेल, एवढेच ते विचारते. शून्याची एक टक्का वाढ शून्यच असल्यामुळे अशक्य संक्रमणे आपोआप गळून पडतात. आणि सर्व घरांच्या लवचिकतांची बेरीज बरोबर एक होते, हा एक अधिक लाभ.

शब्दांविषयी येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण मराठी वाचकाचा घोटाळा येथेच सुरू होतो. ‘संवेदनशील अवस्था’ असे म्हटले की मनात नाजूक, सहज दुखावणाऱ्या अवस्थेचे चित्र उभे राहते. आणि किनाऱ्यावरील अंडे, ज्यावर कोल्हा, घोरपड, माणूस सर्वच टपलेले असतात, तेच ‘संवेदनशील’ वाटू लागते. ‘लवचिकता’ हा शब्द अर्थशास्त्रातून आलेला. मागणीची लवचिकता आपल्या अभ्यासक्रमात रुळलेली आहे. पण ‘अंड्यांची लवचिकता’ अशी षष्ठी लावली की अंड्यांमध्येच काहीतरी ताणण्याजोगे आहे असा भास होतो. वस्तुतः दोन्ही संज्ञा अवस्थेच्या नव्हेत, वृद्धिगुणकाच्या आहेत. अवस्था ही तेथे केवळ निमित्त. ‘अंड्यांच्या जीवितप्रमाणास अनुसरून वृद्धिगुणकाची लवचिकता’ अशी पूर्ण रचना जड आहे खरी, परंतु ती म्हटल्यावाचून ही चूक टळत नाही. इंग्रजी लेखनातही ही चूक कमी झालेली नाही, एवढे समाधान.

लवचिकतेच्या मापाने मॅट्रिक्स पुन्हा वाचली असता चित्र असे दिसते. तिन्ही प्रौढ अवस्थांच्या अंड्यांची एकूण लवचिकता ०.०५, अंड्यापासून एक वर्षाच्या कासवापर्यंत पोचण्याची तेवढीच, ०.०५. त्याच अवस्थेत जिवंत राहण्याच्या घरांची मात्र पुष्कळ अधिक : लहान किशोर ०.१८, मोठे किशोर ०.१२, उपप्रौढ ०.१४ आणि पक्व मादी ०.२३. आता जो वाचक एवढ्यावरच थांबेल तो म्हणेल की पक्व माद्यांचे रक्षण हेच मुख्य कर्तव्य. क्राउझ आदींचा निबंध तसे म्हणत नाही. तो मोठ्या किशोरांवर बोट ठेवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचे कारण घरांच्या लवचिकतेत सापडत नाही.

ते सापडते ते घरांच्या मागे असलेल्या राशीत. मोठ्या किशोरांचे जीवितप्रमाण वाढले तर केवळ ‘तेथेच राहण्याचे’ घर वाढत नाही, ‘पुढे जाण्याचे’ घरही वाढते, आणि ते कितीतरी वेगाने वाढते. कारण आठ वर्षे जगून पलीकडे पोचावयाचे असेल तर प्रत्येक वर्षीच्या जगण्याचा गुणाकार आठ वेळा होतो. जीवितप्रमाण एक टक्का वाढले की पुढे जाण्याचे प्रमाण सव्वासहा टक्क्यांनी वाढते, असे गणित सांगते. हे दोन्ही परिणाम एकत्र केले म्हणजे जीवितप्रमाणाला अनुसरून वृद्धिगुणकाची लवचिकता मिळते : अंडी ०.०५, लहान किशोर ०.३८, मोठे किशोर ०.४२, उपप्रौढ ०.३२, प्रौढ माद्या ०.३१. क्रम पालटला. पक्व मादी पहिल्या स्थानावरून खाली आली आणि मोठे किशोर वर चढले. या संख्यांची बेरीज एक होत नाही, दीडच्या आसपास जाते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. यांना ‘वाटा’ म्हणणे चुकीचे ठरेल. घरांच्या लवचिकतेवरून निर्णय घ्यावा की मूळ राशींच्या, हा प्रश्न शुष्क तांत्रिक नाही. कोणी संरक्षक अधिकारी ‘मॅट्रिक्समधील घर’ वाढवू शकत नाही. तो मरण कमी करू शकतो, आणि मरण कमी झाले की एकाच वेळी दोन घरे हलतात.

पण याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि निबंधाच्या नंतरच्या वाचकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. मोठ्या किशोरांच्या ०.४२ ला आठ वर्षांनी भागावे, ०.०५३ येतात. लहान किशोरांच्या ०.३८ ला सातांनी भागावे, ०.०५५. उपप्रौढांच्या ०.३२ ला सहांनी, ०.०५४. आणि अंड्यांचे एक वर्ष? ०.०५१. म्हणजे प्रजननापूर्वीचे कोणतेही एक वर्ष घेतले तरी त्याचे वजन जवळजवळ सारखेच. हा योगायोग नव्हे. लेस्लीच्या वयोगटांच्या मॅट्रिक्समध्ये तर हे अगदी तंतोतंत खरे असते, कारण अंडी घालण्याच्या वयापर्यंत पोचण्यासाठी प्रत्येक वर्ष ओलांडावेच लागते आणि गुणाकारात कोणताही घटक दुसऱ्याहून मोठा नसतो. येथे जो किंचित फरक उरतो तो अवस्थेच्या आत वयाचे वितरण कसे मानले आहे त्यामुळे. लेखकांच्या सूत्राने संख्या स्थिर असल्यासारखे ते मानले आहे, जरी संख्या घटत असली तरी.

तेव्हा ‘अंडी कमी महत्त्वाची, किशोर अधिक महत्त्वाचे’ हे विधान शब्दशः खरे नाही. अंड्याचे एक वर्ष आणि किशोराचे एक वर्ष यांचे मोल एकच आहे. किशोरावस्था मोठी दिसते ती लांब असल्यामुळे. आणि ती किती लांब दिसावी हे मुख्यतः रेषा कोठे ओढावी यावर अवलंबून आहे. वय ८ ते १५ या अवस्थेचे कोणी ८ ते ११ आणि १२ ते १५ असे दोन तुकडे केले असते, तर प्रत्येक तुकड्याची लवचिकता निम्मी झाली असती आणि पहिला क्रमांक कदाचित लहान किशोरांकडे गेला असता. कासवांच्या जीवनात मात्र काहीच बदलले नसते. भाषेच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल. ध्वनिप्रवाहाचे खंड पाडताना कोठे सुरी ठेवावी याचा निर्णय विश्लेषकाचा असतो, आणि खंडांची वारंवारता मोजून काढलेले निष्कर्ष त्या निर्णयाला बांधलेले असतात.

मग निबंधाचा निष्कर्ष टिकतो कसा? तो टिकतो, कारण संरक्षणाचे लक्ष्य वस्तुतः अवस्था नसून मरणाचे कारण असते. कोळंबीसाठी समुद्रतळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात कासव अडकते, त्यास श्वासासाठी वर येता येत नाही, आणि ते बुडून मरते. हे जाळे कासवाचे वय विचारीत नाही. मोठे किशोर, उपप्रौढ आणि प्रौढ ही सर्व वर्षे त्या एका कारणाच्या छायेखाली येतात. किनाऱ्यावर अंडी उकरणारा प्राणी मात्र एकाच वर्षावर हात घालतो. एक उपाय वीस-पंचवीस वर्षांना लागू पडतो आणि दुसरा एका वर्षाला, हा खरा फरक आहे. आणि या फरकाचे माप म्हणून अवस्थेची लवचिकता उपयोगी पडते.

हे आकड्यांनी पडताळून पाहता येते. वृद्धिगुणक ०.९४५ वरून १ वर न्यावयाचा आहे. अंड्यांचे जीवितप्रमाण ०.६७४७ वरून १ केले, म्हणजे एकही अंडे वा पिल्लू वर्षभरात मरू दिले नाही, तरी वृद्धिगुणक ०.९६५ पर्यंतच जातो. संख्या निम्मी होण्यास सव्वाबाराऐवजी साडेएकोणीस वर्षे लागतील, एवढाच लाभ. केवळ या मार्गाने घट थांबवावयाची तर जीवितप्रमाण २.७३ पट करावे लागेल, म्हणजे शंभर अंड्यांतून १८४ वर्षभराची कासवे निघावी लागतील. याउलट मोठ्या किशोरांचे जीवितप्रमाण ०.६७५८ वरून ०.७७ केले की वृद्धिगुणक १.००३ होतो. शंभरांत ३२ मरत होती, ती २३ मरू लागली, एवढाच बदल. आणि ट्रॉलरच्या जाळ्यापासून होणारा बचाव मोठे किशोर, उपप्रौढ व प्रौढ या तिघांनाही सारखा मिळाला असे मानले, तर तिघांच्या जीवितप्रमाणात अवघी साडेपाच टक्के वाढ पुरेशी होते. ०.६७५८ चे ०.७१३, ०.७४२५ चे ०.७८३ आणि ०.८०९१ चे ०.८५४, वृद्धिगुणक जेमतेम एकाच्या वर येतो.

या तिसऱ्या हिशेबातील ‘सारखा मिळाला असे मानले’ हे शब्द निसटून जाण्याजोगे आहेत, पण प्रत्यक्षात तेथेच गणित फसले. अमेरिकेत १९८७ साली कोळंबीच्या जाळ्यांत कासवास बाहेर पडण्याची वाट ठेवणारी चौकट बसविण्याचा नियम झाला. जाळ्याच्या नळीत तिरप्या सळ्या बसविलेल्या असतात. कोळंबी त्यांतून मागे जाते, कासव सळ्यांवर अडून वरच्या किंवा खालच्या झडपेतून सुटते. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९० च्या अहवालाने माणसामुळे होणाऱ्या कासवांच्या मरणाचे प्रमुख कारण कोळंबीचे ट्रॉलर हेच ठरविले, आणि १९९४ साली क्राउडर, क्राउझ यांनी सेलिना हेपेल व थॉमस मार्टिन यांच्यासह या चौकटीचा परिणाम पाच अवस्थांच्या मॅट्रिक्सने वर्तविला. परंतु झडपेचे माप लहान होते. किशोर कासव निसटे, पक्व लॉगरहेडचे शरीर त्या फटीतून मावत नसे. अखेर २००३ साली झडपा मोठ्या करण्याचा नियम करावा लागला. तोवर ज्या अवस्थेचे प्रत्येक जीव ५८८ अंड्यांच्या मोलाचे, तीच अवस्था उपायाबाहेर राहिली होती. लवचिकतेच्या कोष्टकात झडपेची उंची नसते. ती बाहेरून आणावी लागते.

लवचिकतेची दुसरी मर्यादा तिच्या व्याख्येतच आहे. ती एका बिंदूवरील उतार सांगते, आणि तो बिंदू म्हणजे आज असलेली मॅट्रिक्स. एल. स्कॉट मिल्स, डॅनियल डोक व मायकेल विस्डम यांनी १९९९ साली नेमका हाच आक्षेप घेतला : ज्या राशीची लवचिकता अधिक तीच राशी प्रत्यक्षात किती हलविता येईल हे त्या मापाला ठाऊक नसते, आणि राशी मोठ्या प्रमाणात बदलल्या तर लवचिकतांचा क्रमही बदलू शकतो. कासवांच्या उदाहरणात ०.०५ हा आकडा ०.६७४७ इतके अंड्यांचे जीवितप्रमाण गृहीत धरून आलेला आहे. ज्या किनाऱ्यावर घरटी बहुतांशी लुटली जातात तेथे हे गृहीत लागू नाही. हेच जीवितप्रमाण दशांशावर आणून मॅट्रिक्स पुन्हा सोडविली तर वृद्धिगुणक ०.८६ होतो, साडेचार-पाच वर्षांत संख्या निम्मी. तेव्हा ‘अंड्यांची लवचिकता कमी, म्हणून अंड्यांकडे दुर्लक्ष चालेल’ असे या गणितातून निघत नाही. अंडी वाचविल्याने घट थांबणार नाही. अंडी गमावल्याने मात्र ती पुष्कळ वेगाने वाढेल. ही विषमता लवचिकतेच्या एका आकड्यात मावत नाही.

कोकणच्या वाचकाला येथे वेळास आठवणे साहजिक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील त्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू झाले, आणि त्यापूर्वी तेथील अंडी माणसांच्या व कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात असत. तेथील परिस्थिती वरच्या दशांशाच्या हिशेबाला जवळची होती, जॉर्जियाच्या मॅट्रिक्सला नव्हे. शिवाय ऑलिव्ह रिडले ही लॉगरहेडहून लहान व लवकर पक्व होणारी जात. प्रजननापूर्वीची वर्षे कमी म्हणजे अंड्याच्या एका वर्षाचे सापेक्ष वजन अधिक. लॉगरहेडचे ०.०५ उचलून कोकणच्या हॅचरीवर टीका करणे अशास्त्रीय ठरेल. हॅचरीत उबलेली पिल्ले पुढे कोणत्या जाळ्यांत सापडतात हा प्रश्न मात्र त्यामुळे मिटत नाही.

उरतो तो मूळ आकड्यांचा प्रश्न. मोठ्या किशोरांचे व उपप्रौढांचे जीवितप्रमाण आकारमानाच्या वितरणावरून काढलेले आहे, आणि लहान किशोरांचे तर बाकीच्या साखळीवरून अनुमानलेले. कारण किनारा सोडलेले पिल्लू अनेक वर्षे खुल्या महासागरात असते आणि निरीक्षकाच्या हाती लागत नाही. आर्ची कार याने त्या काळास ‘हरवलेली वर्षे’ म्हटले ते यामुळेच. बावीसाव्या वर्षी पक्वता हेही गृहीत. पुढील अभ्यासांनी लॉगरहेडची पक्वता त्याहून बरीच उशिरा मानली आहे. ही अनिश्चितता निष्कर्षाला मारक नाही, उलट पोषक आहे : पक्वता जितकी उशिरा तितकी किशोरावस्थेची वर्षे अधिक, आणि अंड्याच्या वर्षाचे सापेक्ष वजन कमी. निबंधाच्या बाजूने सांगण्यासारखी ही सर्वांत भक्कम गोष्ट आहे, आणि ती एकेका वर्षाच्या वजनाचा विचार केल्यावरच नीट समजते.

मॅट्रिक्समध्ये एक यांत्रिक दोषही आहे. अवस्थेत राहण्याची व पुढे जाण्याची संभाव्यता दर वर्षी तीच असल्यामुळे, कालच मोठा किशोर झालेले कासव आज उपप्रौढ होऊ शकते. गणिताप्रमाणे काही थोडी कासवे पाच वर्षांतच अंडी घालावयास लागतात. संख्या स्थिर वितरणाशी पोचलेली असेपर्यंत याचा उपद्रव जाणवत नाही. पण एखादा उपाय सुरू केल्यावर परिणाम किती वर्षांनी दिसेल असे विचारले की मॅट्रिक्स वास्तवाहून फार लवकर उत्तर देते.

आणि नेमका हाच प्रश्न व्यवहारात विचारला जातो, कारण मोजणी होते ती घरट्यांची. घरटी घालणाऱ्या माद्या एकूण संख्येच्या पाव टक्का. एखाद्या वर्षी जाळ्यांतून वाचलेले आठ वर्षांचे कासव किनाऱ्यावर येते ते चौदा वर्षांनी, पंधरा वर्षांचे वाचले तर सातांनी. फ्लोरिडातील लॉगरहेडची घरटी १९९० च्या दशकात वाढली, १९९८ नंतर सुमारे दशकभर लक्षणीय घटली, आणि पुढे पुन्हा वाढली. यांतील कोणती वाढ १९८७ च्या चौकटीची, कोणती घट आधीच्या काळात बुडालेल्या किशोरांची, आणि कोणता चढउतार माद्यांच्या दोन-तीन वर्षांआड येण्याच्या सवयीचा, हे घरट्यांच्या मोजणीवरून वेगळे करता येत नाही. त्यासाठी समुद्रातच, त्याच आकाराच्या किशोरांची वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने जाळी टाकून मोजणी करावी लागते, आणि खुणा केलेली कासवे पुन्हा सापडण्याच्या प्रमाणावरून त्यांचे जीवितप्रमाण काढावे लागते. म्हणजे ज्या ०.६७५८ वर सारा युक्तिवाद उभा आहे, तो आकडा प्रथम प्रत्यक्ष मोजावा लागतो.